फायबर राउटरमधलं कंपनीचं लॉगिन: दिसतं का, बंद होतं का?

प्रश्न: आमच्या फायबरच्या राउटरमध्ये मी root या नावाने लॉगिन करतो, पासवर्डही बदललाय. परवा कनेक्शनवाल्याचा माणूस आला, त्याने दुसरंच नाव टाकलं आणि त्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त मेन्यू दिसले. हे दुसरं लॉगिन का ठेवतात? मला ते बघता येतं का, बंद करता येतं का?

उत्तर:

तुमच्या लॉगिनमधून ते दिसणार नाही आणि बंदही होणार नाही. समजा कसंतरी बंद केलंत, तरी कंपनीचा राउटरवरचा ताबा सुटत नाही, कारण तो ताबा त्या लॉगिनवर टिकलेलाच नाही. मात्र ते लॉगिन कुठून कुठून वापरता येतं, हे बरंचसं तुम्हाला ठरवता किंवा कंपनीकडून ठरवून घेता येतं. माझ्या मते लक्ष तिथे घालावं, कारण नुकसान होतं ते तिथूनच.

तुमचं नाव root आहे म्हणजे डबा बहुधा हुआवेचा, HG8245 किंवा EG8145 जातीचा असणार. म्हणून त्याचंच उदाहरण घेऊन सांगतो. झेडटीई, नोकिया किंवा आपल्याकडे स्थानिक केबलवाले बसवतात त्या स्वस्तातल्या ओएनयूमध्ये, म्हणजे फायबरच्या डब्यांत, नावं बदलतात, रचना तीच राहते.

या डब्यात सगळ्या सेटिंग एका एक्सएमएल फाइलमध्ये साठवलेल्या असतात. त्यात वेबपेजवर लॉगिन करणाऱ्यांची नोंद साधारण अशी असते (पासवर्ड आणि बाकीचे तपशील इथे गाळले आहेत):

```
<X_HW_WebUserInfoInstance InstanceID="1" UserName="root" UserLevel="1" ... />
<X_HW_WebUserInfoInstance InstanceID="2" UserName="telecomadmin" UserLevel="0" ... />
```

इथे आकडा उलटा वाचायचा. `UserLevel` शून्य म्हणजे वरचा, एक म्हणजे खालचा. तुम्ही एकवाले. पासवर्ड बदलायच्या पानावर एकवाल्याला फक्त स्वतःची ओळ दिसते. शून्यवाल्याला तुमचा पासवर्डही बदलता येतो. तेव्हा तुम्ही root चा पासवर्ड कितीही अवघड ठेवलात, तरी दुसऱ्या ओळीला त्याने काही होत नाही. telecomadmin हे नाव गुपित नाही, कारखान्यातून येणाऱ्या डब्याच्या माहितीपत्रकातच ते छापलेलं असतं. काही कंपन्या आपल्यासाठी बनवून घेतलेल्या डब्यात नाव बदलतात.

आता हे ठेवतात का? पहिलं कारण अगदी व्यवहारातलं आहे. त्या जास्तीच्या मेन्यूंमध्ये काय असतं ते बघा: व्हीएलएएनचा क्रमांक, पीपीपीओईचं म्हणजे इंटरनेटच्या जोडणीचं नाव आणि पासवर्ड, लँडलाइनसाठीची एसआयपी सेटिंग, कंपनीच्या व्यवस्थापन सर्व्हरचा पत्ता. यातला एक आकडा चुकला की नेट जातं, आणि ग्राहक म्हणतो, मी काही केलंच नाही. एसआयपीचा पासवर्ड बाहेर गेला तर तुमच्या नंबरवरून भलताच कोणीतरी परदेशात फोन लावू शकतो, आणि बिलाचं भांडण कंपनीच्या गळ्यात येतं. बहुतेक वेळा डबाही कंपनीच्या मालकीचा, तुमच्याकडे वापरायला दिलेला असतो.

दुसरं कारण ग्राहकाला सहसा ठाऊक नसतं. कंपनी डब्याशी बोलते ती फायबरवरून. फायबरच तुटली, कुठे जास्त वाकली किंवा कनेक्टरवर धूळ बसली, तर वरून काहीच करता येत नाही. मग माणूस घरी येतो, लॅपटॉप लावतो आणि ऑप्टिकलचं पान उघडून येणाऱ्या प्रकाशाची पातळी बघतो. साधारण −८ ते −२७ डीबीएम या पट्ट्यात ती हवी. −२० च्या आसपास असेल तर लाइन चांगली, −२८ च्या खाली गेली की जोडणी मध्येच तुटत राहते. लाइनच मेलेली असताना उपयोगी पडेल असं घरातल्या घरात चालणारं लॉगिन तंत्रज्ञाला लागतंच. ही गरज खरी आहे, आणि दुसरं लॉगिन असणं हा आपोआप कंपनीचा डाव ठरत नाही.

चुकीचं असतं ते त्याचा पासवर्ड सगळ्यांकडे एकच ठेवणं. चांगल्या व्यवस्थेत डबा पहिल्यांदा नेटवर आला की कंपनीचा सर्व्हर त्याला लगेच वेगळा, लांबलचक पासवर्ड देतो. प्रत्येक डब्याचा निराळा. तंत्रज्ञाला हवा तेव्हा तो आपल्या ॲपमधून त्या डब्याचा पासवर्ड काढतो. माहितीपत्रकातला पासवर्ड टाकून काही ग्राहक बघतात आणि तो चालत नाही, तो या कारणाने. तुमच्याकडेही चालत नसेल तर ती चांगली खूण आहे. उलट कनेक्शनवाल्याचा पोरगा पासवर्ड पाठ म्हणून टाकत असेल, तर तोच पासवर्ड अख्ख्या गावात आहे असं धरून चाला.

याचं एक उदाहरण माझ्या कामातलं. सांगलीकडच्या एका दवाखान्यात रुग्णांना बसायला जागा होती आणि वाय-फायचा पासवर्ड भिंतीवर लावलेला. काही दिवसांपासून मोबाइलवर बँकेचं पान उघडताना प्रमाणपत्राच्या चुका येत होत्या, भलत्या जाहिराती उघडत होत्या. डॉक्टरांनी राउटरचा पासवर्ड बदलला, दोन दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. बघितलं तर डीएचसीपीच्या पानावर डीएनएसचा पत्ता कोणीतरी बदललेला होता, म्हणजे प्रत्येक फोन नाव विचारायला भलत्याच सर्व्हरकडे जात होता. मी डब्यातला लॉग काढला. त्यात लॉगिनच्या ओळी अशा थाटाच्या असतात:

```
[Config-Log] Terminal:WEB(192.168.100.23),Result:Success,Type:Login,Username:telecomadmin
```

वेळ दुपारची, ओपीडी चालू असतानाची. पत्ता `192.168.100.` ने सुरू होणारा, म्हणजे येणारा माणूस इंटरनेटवरून आलेला नव्हता, दवाखान्याच्याच वाय-फायवर होता. आणि नाव कंपनीचं. डॉक्टर बदलत होते तो पासवर्ड पहिल्या ओळीचा, आत येणारा येत होता दुसऱ्या ओळीने. त्या भागातल्या कनेक्शनवाल्याने सगळ्या डब्यांत तोच पासवर्ड ठेवलेला होता आणि तो अनेकांना तोंडपाठ होता. त्याला लॉगची ओळ दाखवली तेव्हा त्याने मुकाट्याने पासवर्ड बदलून दिला. त्याच बैठकीत त्याच्याच लॉगिनमधून आम्ही आणखी एक गोष्ट करून घेतली: `ONT Access Control` या पानावर वाय-फायच्या बाजूने डब्याचं वेबपेज उघडू देण्याची खूण काढली. आता ते पान फक्त तारेने जोडलेल्या संगणकावरून उघडतं. डीएनएसचा पत्ता मूळचा केला, त्यानंतर तक्रार आली नाही.

तुमच्या मॉडेलवर हे पान असेल तर तिथे लॅन म्हणजे घरातल्या तारेची, वाय-फायची आणि वॅन म्हणजे बाहेरच्या इंटरनेटची अशा तीन बाजू वेगवेगळ्या दिसतील. वॅनच्या बाजूच्या एचटीटीपी, टेलनेट, एफटीपी सगळ्या खुणा काढलेल्या हव्यात. वाय-फायची खूण काढली तरी चालते, घरात एक तरी लॅनची तार हाताशी असू द्या. लॅनची एचटीटीपीची खूण मात्र काढू नका, नाहीतर तुम्हीही बाहेर आणि तंत्रज्ञही बाहेर. तुमच्या root ला हे पान दिसत नसलं तर कनेक्शनवाल्याकडूनच करून घ्यावं लागेल.

आता पकड लॉगिनवर टिकलेली नाही असं म्हणालो, ते का ते सांगतो. कंपनीची मुख्य वाट टीआर-०६९ या नियमावलीतून जाते. तिथे कंपनी तुमच्या राउटरमध्ये लॉगिन करतच नाही. राउटरच कंपनीच्या सर्व्हरला फोन लावतो: चालू झाल्यावर, आणि मग ठरावीक वेळाने. "मी अमुक डबा, हे माझं फर्मवेअर, काही काम आहे का?" असं विचारतो. सर्व्हर सांगेल ते करतो: सेटिंग वाचून दाखवतो, बदलतो, नवं फर्मवेअर उतरवतो, रीबूट होतो. सर्व्हरला मध्येच घाई असेल तर तो राउटरच्या ७५४७ पोर्टवर एक टकटक करतो, आणि राउटर पुन्हा स्वतःहून फोन लावतो. वापरकर्त्यांची यादीसुद्धा सेटिंगचाच भाग आहे. त्यामुळे तुम्ही कुठून तरी वरचं लॉगिन मिळवून telecomadmin बंद केलंत, तर पुढच्या फोनाला सर्व्हर ते पुन्हा चालू करू शकतो. "रात्री बदललं, सकाळी पूर्ववत" ही तक्रार मी बरेचदा ऐकली आहे, तिच्या मागे बहुधा हेच असतं.

याच्याही खाली आणखी एक वाट आहे, ओएमसीआय. जीपॉन या घरगुती फायबरच्या तंत्रात कंपनीच्या एक्स्चेंजमधलं यंत्र, म्हणजे ओएलटी, फायबरवरूनच तुमच्या डब्याला व्हीएलएएन आणि वेग ठरवून देतं. तिला ना आयपी पत्ता लागतो ना पासवर्ड. ती बंद केली तर डब्याला सेवाच ठरवून मिळणार नाही, म्हणजे नेटच नाही. तेव्हा डब्यावरून कंपनीला पूर्णपणे हटवायचं हा विचार सोडून द्या. तो डबा त्यांच्या जाळ्याचा शेवटचा तुकडा आहे, तुमच्या घरात ठेवलेला.

टीआर-०६९ तुमच्याकडे आहे का, हे बहुतेक वेळा साध्या लॉगिनमध्येही कळतं. `Status` मधल्या वॅनच्या पानावर जोडण्यांची नावं वाचा. `1_TR069_R_VID_46` आणि `2_INTERNET_R_VID_100` अशा दोन ओळी असतील (आकडे कंपनीगणिक वेगळे) तर व्यवस्थापनासाठी वेगळा रस्ता आहे, आणि त्याचा पत्ता बहुधा `10.` ने सुरू होणारा खासगी असतो. ही चांगली मांडणी, कारण ७५४७ वरची टकटक फक्त कंपनीच्या आतल्या जाळ्यातून येऊ शकते. एकच ओळ असेल, `1_TR069_INTERNET_R_VID_...` अशी, तर दोन्ही एकाच रस्त्यावरून जातात. मग कंपनीने ते पोर्ट नीट झाकलंय का हे पाहावं लागतं.

झाकलं नाही तर काय होतं, हे जर्मनीत २०१६ च्या नोव्हेंबरअखेरीस दिसलं. डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं नेट एका रविवारी कोलमडलं. मिराई जातीचा बॉटनेट, म्हणजे मालवेअरने ताब्यात घेतलेल्या उपकरणांचा ताफा, जगभर ७५४७ पोर्ट ठोकत फिरत होता आणि काही राउटरमध्ये त्या वाटेने पासवर्डशिवाय आज्ञा चालवता येत होती. गंमत म्हणजे त्या जर्मन राउटरवर तो डाव नीट लागू पडलाच नाही, ते नुसते त्या भडिमाराने मान टाकून बसले. पण कोणत्याही दुसऱ्या लॉगिनचा त्यात संबंध नव्हता. आपल्याकडे २०१७ च्या जुलैत बीएसएनएलचे हजारो ब्रॉडबँड मोडेम मालवेअरने बंद पाडले, तेव्हा सापडले ते कारखान्याचाच पासवर्ड ठेवलेले. दोन्ही ठिकाणी डब्याचं दार सगळ्या जगाला उघडं होतं, हेच मूळ.

म्हणून तुमच्यापुरती तपासणी अशी करा. वॅनच्या पानावरचा इंटरनेट जोडणीचा पत्ता लिहून घ्या. तो `100.64` पासून `100.127` पर्यंत किंवा `10.` ने सुरू होत असेल, तर कंपनीने तुम्हाला सामायिक पत्त्यामागे ठेवलंय. मग इंटरनेटवरून कोणी थेट येऊ शकत नाही, पण त्याच कंपनीचे इतर ग्राहक येऊ शकतात का हे कंपनीच्या काळजीवर अवलंबून आहे. पत्ता खरा सार्वजनिक असेल तर लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर घ्या, घरच्या वाय-फायवर नको, आणि nmap हे पोर्ट तपासायचं साधन आपल्याच पत्त्यावर असं चालवा (खालचा पत्ता नमुन्याचा आहे, तिथे तुमचा टाका):

```
nmap -Pn -p 22,23,80,443,7547 203.0.113.25
```

पाचही ओळींत `filtered` किंवा `closed` आलं तर बाहेरून वाट नाही. 80 किंवा 443 वर `open` आलं आणि ब्राउझरमध्ये राउटरचं लॉगिनचं पान उघडलं, तर त्याच दिवशी तक्रार करा, कारण तिथे कंपनीचा गावभर झालेला पासवर्ड कोणीही टाकू शकतो. 7547 उघडं असेल तर ते आपल्या सर्व्हरच्या पत्त्यापुरतंच ठेवायला कंपनीला सांगा. त्यांच्या बाजूला ते एका नियमाचं काम आहे, "तसं होत नाही" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

इथे एका वेगळ्या प्रकाराबद्दल सावध करतो. वर सांगितलेलं लॉगिन सेटिंगच्या फाइलमध्ये असतं, ते कोणीतरी बदलू शकतं. कधी कधी मात्र निर्माता खातं फर्मवेअरमध्येच ओतून ठेवतो. २०२० च्या शेवटी झायझेलच्या काही फायरवॉलमध्ये zyfwp नावाचं खातं सापडलं. वापरकर्त्यांच्या यादीत ते दिसत नव्हतं, पासवर्ड बदलता येत नव्हता आणि तो फर्मवेअरमध्ये उघडा लिहिलेला होता. दुसऱ्या उपकरणांना फर्मवेअर पोचवण्यासाठी ठेवलं होतं असा खुलासा झाला. अशा खात्यावर ग्राहकाकडे एकच उपाय असतो, दुरुस्त केलेलं फर्मवेअर. आणि कंपनीच्या डब्यावर ते फर्मवेअर बहुधा येतं टीआर-०६९ वरून. म्हणून वरचं लॉगिन हाती लागलंच तर लोक सगळ्यात आधी टीआर-०६९ची खूण काढून टाकतात, ते मला पटत नाही. त्याने डबा जुन्या फर्मवेअरवर गोठतो, तक्रार केली तर कंपनीला काही दिसत नाही आणि काही ठिकाणी लँडलाइनही बंद पडते.

मी सांगेन तो मार्ग वेगळा: डबा त्यांचा राहू द्या, घर आपलं करा. स्वतःचा राउटर घ्या आणि कंपनीला डबा ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगा. मग पीपीपीओईचं नाव-पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये जातं, इंटरनेटचा पत्ता तुमच्या राउटरला मिळतो आणि कंपनीचा डबा फक्त प्रकाशाचं इथरनेट करून देतो. telecomadmin तिथेच असेल, पण त्याच्या हाताला तुमचे फोन, कॅमेरे, प्रिंटर काहीच लागणार नाहीत. टीआर-०६९मध्ये जोडलेल्या उपकरणांची नावं आणि मॅक पत्ते वाचता येतात. तुमचा राउटर मध्ये आला की त्या यादीत घरातल्या वस्तूंचा पत्ता लागत नाही. फोन कंपनीच्या डब्यालाच जोडलेला असेल तर तो तिथेच राहू द्या, फक्त इंटरनेटची जोडणी ब्रिज करायला सांगा.

ब्रिज द्यायला नाही म्हणाले तरी अडत नाही. तुमच्या राउटरचा वॅन पोर्ट डब्याच्या लॅन पोर्टला लावा, डब्याचं वाय-फाय बंद करा आणि तुमच्या राउटरची आतली पत्त्यांची मालिका डब्याहून वेगळी ठेवा, जसं डबा `192.168.100.1` असेल तर तुमचा `192.168.50.1`. दोनदा पत्ता बदलल्यामुळे बाहेरून कॅमेरा थेट बघायला किंवा काही खेळांना अडचण येते, बाकी रोजच्या वापराला फरक जाणवत नाही. या मांडणीत एक मात्र विसरू नका. तुमच्या राउटरमागून डब्याचं पान अजून उघडतं, कारण डबा बाहेरच्या दिशेला आहे. पाहुण्यांच्या वाय-फायवरून `192.168.100.1` ला जाणं तुमच्या राउटरच्या फायरवॉलमध्ये अडवा.

सगळं रीसेट करून टाकलं तर दुसरं लॉगिन जाईल, असाही एक समज आहे. रीसेटने डबा कंपनीने भरून दिलेल्या मूळ सेटिंगवर जातो आणि त्यात ते खातं असतंच, तेही सुरुवातीच्या पासवर्डासकट. म्हणजे कनेक्शनवाल्याने बदलून दिलेला चांगला पासवर्डच तुम्ही पुसता. वर, ज्यांच्याकडे टीआर-०६९ नाही आणि केबलवाल्याने हाताने पीपीपीओई भरलंय, त्यांचं नेट जातं आणि तो येईपर्यंत थांबावं लागतं. रीसेट करायचंच असेल तर आधी वॅनच्या पानाचा फोटो काढा आणि पीपीपीओईचा पासवर्ड मागून ठेवा.

कनेक्शनवाल्याला निरोप लिहिताना "तुमचं लॉगिन काढा" असं लिहू नका, ते होणार नाही आणि बोलणं तिथेच संपेल. असं लिहा: "माझ्या डब्यातल्या तुमच्या खात्याचा पासवर्ड फक्त या डब्यापुरता वेगळा ठेवा. वॅन आणि वाय-फायच्या बाजूने वेबपेज आणि टेलनेट बंद करा. इंटरनेटची जोडणी ब्रिज करून पीपीपीओईचं नाव-पासवर्ड द्या." तिन्ही कामं त्यांच्या माणसाला तुमच्या घरी बसून एका बैठकीत करता येतात. झाल्यावर त्याच्यासमोरच फोनच्या वाय-फायवरून डब्याचा पत्ता उघडून बघा; पान उघडलं नाही की त्याला जाऊ द्या.